एक अधिक एक, असत्य

आमच्या शिरूरच्या कॉलेजात बाहेरून परीक्षक आला की त्याला नव्या जावयासारखं वागवतात. गाडीपासून वर्गापर्यंत दोन माणसं त्याची बॅग धरायला धावतात, तिसरा बॅग धरणाऱ्यांना वाट करून देतो, आणि जेवायला काय चालतं हे विचारण्यासाठी आदल्या आठवड्यापासून फोन सुरू होतात. त्या दिवशी जो आला त्याने बॅग सोडली नाही, चहाला हात लावला नाही आणि जेवणाबद्दल म्हणाला, "डबा आणलाय." हे ऐकून आमच्या शिपाई मामांच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मी त्यांच्या घरची म्हैस गेली तेव्हाही पाहिली नव्हती.

मला मात्र नवल वाटलं नाही. त्या माणसाला मी नऊ वर्षं पाण्यात पाहत होतो आणि तो मला.

कारण सांगतो. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात शिक्षकांसाठी एक कार्यशाळा होती. विषय होता गणित सोडवणारी स्वयंचलित यंत्रं. यंत्रं म्हणजे लोखंडाची नव्हेत, कागदावरची. चार गोल काढायचे, त्यांच्यात बाण काढायचे, झालं यंत्र. पोरांना मी हे असं शिकवतो: तीन संख्या घ्या, शून्य आणि एक एवढ्याच अंकांत लिहिलेल्या. एकीखाली एक मांडा. छोट्या संख्येच्या डावीकडे शून्यं भरून तिघींची लांबी सारखी करा. आता यंत्र उजवीकडून निघतं आणि एका वेळी तिन्ही ओळींतला एक-एक अंक, म्हणजे उभा एक रकाना, वाचतं. प्रश्न एवढाच, की पहिली अधिक दुसरी बरोबर तिसरी आहे का? यंत्राला संख्या लक्षात ठेवावी लागत नाही. हजार आकडी असो की लाख आकडी, त्याला एकच गोष्ट आठवावी लागते: हातचा शून्य आहे की एक. म्हणून गोल दोनच. रकान्यात हिशेब जुळला नाही तर यंत्र तिथंच तोंड फिरवतं; सगळे रकाने जुळले आणि शेवटी हातचा शून्य उरला, तर म्हणतं, होय, खरं आहे.

इतकं सोपं, इतकं सुंदर. त्या कार्यशाळेत मी हे सांगून थांबलो असतो तर आज आनंदात असतो. पण समोर दीडशे माणसं, हातात माइक, आणि माझी जीभ. मी म्हणालो, "बेरीज काय घेऊन बसलात, याच पद्धतीनं आम्ही शिरूरला गुणाकारही करतो."

मागच्या रांगेतून एक बारीक माणूस उठला. आवाज इतका थंड की पंखे बंद करावेत. "तीनानं गुणणं, पाचानं गुणणं जमेल. तिथं हातचा ठरावीक मर्यादेत राहतो. पण दोन अनोळखी संख्यांचा गुणाकार म्हटला की हातच्याला मर्यादाच नाही. मग गोल किती काढणार तुम्ही? की शिरूरला गोल अनंत मिळतात?"

दीडशे माणसं हसली. मला तर दौंड जंक्शनवरची गाड्यांची वाट पाहणारी माणसंही हसल्यासारखी वाटली. तोच हा माणूस, आता डबा घेऊन माझ्या लॅबमध्ये बसला होता. आणि ज्या परीक्षेसाठी आला होता ती माझी नव्हती. ती माझ्या विद्यार्थिनीची होती.

विद्यार्थिनी म्हणजे वेण्या घातलेली पोर समजू नका. चौतीस वर्षांची बाई, दौंडला रेल्वेत सिग्नलच्या देखभालीवर नोकरीला. माहेर केंदूरचं, आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, वडील शेतीवर स्थिरावले, आणि ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहून सिग्नल चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या पेट्या उघडून बसायची. तीन वर्षं ती दौंडहून न्हावऱ्यामार्गे एसटी बदलत आमच्याकडे पदव्युत्तर शिक्षणासाठी येत होती. ड्यूटी संपवून, न झोपता. एकदा मी तिला एसटीत उभ्याउभ्या झोपलेलं पाहिलं आहे, आणि झोपेतही तिनं कंडक्टरला उरलेला सुटा रुपया मागितला होता.

तिच्या नोंदणीची मुदत त्या सत्राला संपत होती. पास झाली तर पदवी. नापास झाली तर पुढची संधी नाही, नोंदणी रद्द, तीन वर्षांच्या सगळ्या रजा आणि सगळी एसटी मातीत. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवणारीची एक जागा निघाली होती, तिला ही पदवी लागत होती. रात्रपाळ्या संपवायचा तिच्यापुढे तो एकच रस्ता होता. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता एका रिलेचा स्क्रू घट्ट करत होती.

तिचा प्रकल्प याच यंत्रांचा. तिनं असा प्रोग्रॅम लिहिला होता की त्याला संख्यांबद्दलचं एखादं विधान द्यायचं, तो स्वतः यंत्र बांधायचा आणि विधान सत्य की असत्य ते सांगायचा. "प्रत्येक संख्या सम असते नाहीतर विषम असते" असं टाकलं की प्रोग्रॅम क्षणभर विचार करून सांगणार: सत्य. यात एक चलाखी आहे. "अशी एखादी संख्या आहे" असं विधानात आलं की त्या संख्येची ओळ पुसून टाकायची, आणि यंत्राला सांगायचं, तिथले अंक तू स्वतः मनानं धर. कुठल्याही प्रकारे धरून जुळत असेल तर होय म्हण.

आता माझं पाप.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती दौंडला होती आणि मी लॅबमध्ये तिचा प्रोग्रॅम उघडून बसलो. मार्गदर्शक या नात्यानं. खरं तर त्या माणसासमोर प्रोग्रॅम विजेसारखा पळावा, त्याचे डोळे दिपावेत, एवढीच इच्छा. मला त्यात सहा ओळींचा एक तुकडा दिसला. प्रत्येक वेळी ओळ पुसल्यावर तो तुकडा संख्यांच्या डाव्या टोकाला रिकाम्या शून्यांचे रकाने लावून काहीतरी तपासत बसायचा. मला वाटलं, शून्यं लावून काय होणार? शून्य ते शून्य. मी त्या सहा ओळी बंद केल्या, वर टीप लिहिली, "हे लागत नाही", आणि प्रोग्रॅम चालवला. सम-विषमचं विधान: सत्य. आणखी दोन टाकली: बरोबर. आणि वेग असा की उत्तर प्रश्नाच्या आधी येतंय की काय असं वाटावं. मी खूश होऊन मामांना दोन चहा सांगितले, आणि दोन्ही मीच प्यायलो.

सकाळी परीक्षा सुरू झाली. ती मागच्या रात्रीची पाळी करून थेट आलेली, साडीवर रेल्वेचं जाकीट तसंच. परीक्षक तिच्या प्रबंधाची पानं उलटत होता, एक पान, दुसरं पान, जणू प्रत्येक पानाला वास येत होता.

"मॅडम, तुमच्या मार्गदर्शकांची ख्याती मला माहीत आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणून छापलेलं मी मानत नाही. प्रोग्रॅम चालवा. अगदी साधं विधान घ्या. 'कुठल्याही दोन संख्या घ्या, त्यांची बेरीज असलेली एक संख्या असतेच.' एवढं तुमच्या यंत्राला कळतं का बघू."

ती हसली. तिला ते विधान पोरखेळ वाटलं. तिनं ते टाइप केलं आणि बटण दाबलं. उत्तर माझ्या इच्छेप्रमाणं विजेच्या वेगानं आलं.

असत्य.

आणि खाली, जिथं प्रोग्रॅम पुरावा म्हणून उदाहरण द्यायचा, तिथं: पहिली संख्या १, दुसरी संख्या १. बेरीज नाही.

परीक्षकानं खुर्ची पुढं ओढली. मोठ्यानं वाचलं. मग परत वाचलं, जरा सावकाश, नैवेद्य चाखावा तसं. "एक आणि एक. बेरीज नाही. कधीपासून बंद झाली हो शिरूर तालुक्यात बेरीज? बाजार समितीला कळवलंय का?"

दारात ट्रे घेऊन उभे असलेले मामा हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ट्रेमधला चहा गार झाला.

"सर, असं व्हायला नगं," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "परवा बरोबर येत व्हतं."

"परवा मी नव्हतो ना," परीक्षक म्हणाला. "मॅडम, हे विधान चुकतं तर तुमच्या प्रबंधात उरतं काय? मुखपृष्ठ?" आणि त्यानं गुणपत्रिका पुढं ओढून पेनचं टोपण काढलं.

त्या टोपणाचा आवाज झाला तेव्हा मला सहा ओळी दिसल्या. आणि का चुकलं तेही दिसलं, इतकं लख्ख, की हसू यावं. एक आणि एक. दोन्ही एका अंकाच्या. म्हणून रकाना एकच. पण बेरीज दोन, ती शून्य-एकच्या भाषेत लिहायला दोन अंक लागतात. यंत्र उजवीकडचा एकुलता रकाना वाचतं, हातचा एक उरतो, आणि रकाने संपतात. तिसऱ्या संख्येचा दुसरा अंक धरायला जागाच नाही. हातचा शिल्लक, म्हणून यंत्र म्हणतं, नाही. डाव्या बाजूला शून्यांचा एक रिकामा रकाना मिळाला असता तर तो हातचा तिथं उतरला असता. त्या सहा ओळी तेवढ्यासाठीच होत्या. मी तपासलेल्या विधानांमध्ये पुसलेली संख्या उघड्या संख्येपेक्षा कधीच मोठी नव्हती, म्हणून जागा पुरली आणि मला काही कळलं नाही.

हे सगळं मला एका क्षणात कळलं. आणि मी काय केलं? तोंड उघडलं आणि म्हणालो, "सर, काल आमच्याकडे यूपीएसमध्ये मुंगूस शिरलं होतं. फायली बिघडल्या असणार."

परीक्षकानं पेन थांबवलं. "मुंगूस."

"मोठं होतं," मी म्हणालो. का म्हणालो ते देव जाणे.

तिनं माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग ती वळली, प्रोग्रॅम उघडला आणि सरसर खाली गेली. थांबली. बंद केलेल्या सहा ओळी, वर माझी टीप. "हे लागत नाही." लॅबमध्ये माझ्याखेरीज दुसरं कुणी टिपेखाली तारीख आणि वेळ टाकत नाही, मला वाटतं पुढे इतिहासकारांना सोय व्हावी.

तिनं मॉनिटर माझ्याकडे फिरवला.

"सर," मी परीक्षकाला म्हणालो, "मुंगूस नव्हतं. मी केलंय हे. काल दुपारी सहा ओळी मी बंद केल्या. तिचा प्रोग्रॅम बरोबर होता. माझी चूक आहे."

आयुष्यात मी इतकं सरळ वाक्य क्वचित बोललो असेन. त्यात एक शब्द वाढवला नव्हता. त्यानं टोपण टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मघाशी मुंगूस होतं, आता तुम्ही. पुढच्या मिनिटाला कोण? मामा?"

"मी न्हाई हां," मामा दारातून म्हणाले आणि ट्रेसकट गेले.

"विद्यार्थिनीला वाचवायला मार्गदर्शक अंगावर घेतोय, हे कळतं मला," तो पुढं म्हणाला. "पण नऊ वर्षांपूर्वी ज्या तोंडानं दोन अनोळखी संख्यांचा गुणाकार केला, त्या तोंडाची साक्ष मी घेत नाही."

"सर, छापलेल्या प्रबंधात त्या ओळी हायेत," ती मध्येच म्हणाली. तिनं पान काढून त्याच्यापुढं सरकवलं. "बघा. महिन्यापूर्वी जमा केल्याला."

"छापलेलं कुठूनही उतरवता येतं, मॅडम. उतरवणाऱ्याला कळलेलं असायचं बंधन नाही."

"मंग त्या ओळी परत चालू करते. तुमच्यासमोर."

"कीबोर्डला हात लावायचा नाही. तो कीबोर्ड संशयित आहे." त्यानं फळ्याकडं बोट केलं. "खडू घ्या. आणि हे बेरजेचं उदाहरण नको, ते तुम्ही पाठ केलं असेल. दुसरं देतो. एका संख्येची तिप्पट म्हणजे दुसरी संख्या. यंत्र काढा. मग दुसरी ओळ पुसा. आणि मग मला सांगा, प्रत्येक संख्येची तिप्पट असते की नाही."

तिनं खडू रागानंच उचलला. आणि तो राग त्याच्यावर नव्हता.

तिनं तीन गोल काढले आणि त्यांत ०, १, २ असे हातचे लिहिले.

"तीनच का?" तो म्हणाला.

"हातचा दोन असला आन् वरचा अंक एक असला तर तीन आन् दोन पाच. पाचातला एक खाली, दोन पुन्हा हातचा. म्हंजी दोनाच्या वर जातच न्हाई."

"बाण."

तिनं बाण काढले. हातचा शून्य, वर शून्य: खाली शून्य, हातचा शून्यच. हातचा शून्य, वर एक: तीन, खाली एक, हातचा एक. हातचा एक, वर शून्य: खाली एक, हातचा शून्य. हातचा एक, वर एक: चार, खाली शून्य, हातचा दोन. हातचा दोन, वर शून्य: खाली शून्य, हातचा एक. हातचा दोन, वर एक: पाच, खाली एक, हातचा दोन. सहाच बाण, मी मागं बसून मनातल्या मनात प्रत्येक तपासत होतो.

"शेवटी हातचा शून्य असला तरच होय," ती म्हणाली, आणि शून्याच्या गोलाला दुसरं कडं काढलं. मग बाणांवरचे खालचे अंक हातानं पुसले. फक्त वरचे राहिले. "ही दुसरी ओळ पुसली. आता संख्या एक घ्या. एक रकाना. यंत्र हातचा एकवर जाऊन थांबतं. होय म्हणत न्हाई. म्हणून रकाने संपल्यावर बी बघायचं, नुसती शून्यं वाचत पुढं गेलं तर शून्याच्या गोलाला पोचतंय का. पोचत असंल तर तो गोल बी होयमध्ये धरायचा."

परीक्षक खुर्चीत मागं टेकला. आणि मला कळलं की आता तो खड्डा खणतोय, कारण त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बरोबर. म्हणजे डावीकडं एक शून्य जोडायचं. एक पुरतं. बेरजेत एक पुरलं, नाही का? तसं लिहा आणि संपवा."

बेरजेत एक पुरतं खरं. हातचा एकच्या वर जात नाही, एक रकाना मिळाला की उतरतो. मला ओरडावंसं वाटलं, "नको लिहूस!" मी उठलोही.

"तुम्ही बसा," ती मला म्हणाली. मागं न वळता.

मी बसलो.

तिनं फळ्यावर ११ लिहिलं. "संख्या तीन. पहिला एक वाचला, हातचा एक. दुसरा एक वाचला, हातचा दोन. एक शून्य वाचलं, हातचा एक. अजून होय न्हाई. दुसरं शून्य वाचलं, हातचा शून्य. आता होय." खाली तिनं १००१ लिहिलं. "तिनाची तिप्पट नऊ. नवाला चार अंक लागतात आन् तिनाला दोनच. म्हंजी दोन शून्यं लागली. सर, एक पुरत न्हाई. तुमी मला फसवत व्हता."

"मग किती पुरतात? दोन? दहा?"

"आकडा ठरवायचाच न्हाई. होयच्या गोलापासून उलटं निघायचं. शून्य वाचून ज्या गोलांतनं तिथं पोचता येतं ते धरायचे, मग त्यांच्याकडं येणारे धरायचे. नवा गोल मिळायचा बंद झाला की थांबायचं."

"आणि थांबलंच नाही तर?"

"गोलच तीन हायेत," ती म्हणाली. "न थांबून जाणार कुठं?"

तिनं एकाच्या आणि दोनाच्या गोलालाही दुसरं कडं काढलं. तिन्ही गोल होयमध्ये. "प्रत्येक संख्येची तिप्पट असते," ती म्हणाली. "सत्य." आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आपटला; त्याचे दोन तुकडे झाले.

परीक्षकानं फळ्यावरचा एकेक बाण बोटानं मोजला. मग पेन उचललं. गुण लिहिले आणि कागद पालथा घालून त्यावर तळहात ठेवला, म्हणजे मला दिसू नयेत.

"मॅडम, तुम्हाला कळलेलं आहे. सहीही करीन. पण प्रात्यक्षिक माझ्यासमोर चुकलंय, हे मी गिळून जाणार नाही. प्रबंधाला शुद्धिपत्र जोडायचं. प्रोग्रॅममध्ये काय बदल झाला, कुणी केला, का केला. तुमच्या मार्गदर्शकांच्या अक्षरात, त्यांच्या सहीनं. ते हातात आल्याशिवाय माझी सही नाही. आणि साडेतीनला माझी गाडी आहे."

दीड वाजला होता. तो डबा घेऊन आमच्या विभागप्रमुखांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. लॅबमध्ये आम्ही दोघं राहिलो.

"अगं, थोडक्यात वाचलो," मी म्हणालो.

"तुम्ही वाचलात," ती म्हणाली. "मी फळ्यावर व्हते."

मी कागद घेतला. लिहायला लागलो. माझा हात चालू लागला की थांबत नाही. मी तंत्रशिक्षणाची परंपरा लिहिली, ग्रामीण भागातल्या विजेची अवस्था लिहिली, संगणकाच्या वेगाचं महत्त्व लिहिलं, आणि "अनवधानाने, विद्यार्थिनीच्या हिताच्या तळमळीतून" असं वाक्य लिहून त्याखाली रेघ मारली. दीड पान झालं. मला ते चांगलं वाटलं. डोळे पाणावण्याइतकं चांगलं.

तिनं ते वाचलं. चार तुकडे केले. कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि दुसरा कोरा कागद माझ्यापुढं ठेवला.

"तुम्ही ह्याच्यात माझं हित कुठं बघितलं?"

"अगं, तसं नाही, भाषा असते एक."

"सर, मी रिले उघडते तवा रजिस्टरला लिवते. काय उघडलं, कुणी उघडलं, परत बसवलं का न्हाई. तळमळ लिवत न्हाई. तळमळ लिवली तर पुढल्या माणसाला कळायचं कसं, गाडी सोडायची का न्हाई?"

दुसरा कागद अर्धं पान झाला. त्यात मी "काही किरकोळ ओळी" असं लिहिलं होतं. तिनं "किरकोळ" या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली, बोट न उचलता. तोही गेला डब्यात. तिसऱ्यात मी स्वतःला इतकं झोडपलं की वाचणाऱ्याला माझी दया यावी, तिनं तोही वाचला आणि म्हणाली, "ह्याच्यात तुम्हीच हाय सगळीकडं. माझा प्रोग्रॅम कुठाय?"

अडीच वाजून गेले. बाहेर मामा दोनदा डोकावून गेले. ती खुर्चीत बसली नव्हती. टेबलाला टेकून उभी होती, जाकिटाच्या खिशात हात घालून. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की जाकिटाची एक बाही कोपरापाशी ऑइलनं कडक झालेली होती.

चौथ्या कागदावर मी लिहिलं: "शून्यांचे रकाने तपासणाऱ्या सहा ओळी मी विद्यार्थिनीला न विचारता बंद केल्या; त्यामुळे प्रोग्रॅमने 'कोणत्याही दोन संख्यांची बेरीज असते' हे विधान असत्य ठरवले; ओळी पुन्हा चालू केल्यावर उत्तर सत्य येते." खाली सही.

तिनं वाचलं. मग कॉम्प्युटरशी गेली, सहा ओळी चालू केल्या, बेरजेचं विधान पुन्हा टाकलं. यंत्रानं जरा वेळ घेतला. माझ्या आदल्या दिवशीच्या विजेपेक्षा बराच जास्त. सत्य. तेव्हाच तिनं कागद घडी न घालता उचलला. शेवटचा भाग खरा आहे का हे तिनं स्वतः बघून घेतलं, माझ्या सहीवर सोडलं नाही.

परीक्षकानं तो कागद विभागप्रमुखांच्या दारातच वाचला. उभ्याउभ्या. डब्याचं झाकण दुसऱ्या हातात.

"हे तुम्ही लिहिलं?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"वाटत नाही." त्यानं गुणपत्रिका भिंतीला टेकवून सही केली, आणि तिला म्हणाला, "मॅडम, पुढं कुठं शिकवायला गेलात तर या गृहस्थांना व्याख्यानाला बोलावू नका."

"न्हाई बोलवणार," ती म्हणाली.

दोघांनी हे माझ्यासमोर ठरवलं, जणू मी भिंतीवरचं कॅलेंडर. तो त्याच्या गाडीकडं गेला. मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत चाललो. अभिनंदन म्हणायचं होतं. पण ते कुठल्या तोंडानं म्हणायचं ते सुचेना. शेवटी म्हणालो, "खानावळीत ताट सांगितलं होतं परीक्षकासाठी. ते तसंच आहे. जेवून जा."

"पाचला ड्यूटी हाय," ती म्हणाली. समोरून न्हावऱ्याची एसटी येत होती. तिनं हात केला, एसटी थांबली, ती चढली. खिडकीतून तिनं माझ्याकडं नाही, मामांनी काढून दिलेल्या, हातातल्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सकडं बघितलं, आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिली.